थकलं की थकवलं?

माझ्या आत्याचं पुण्यात शनिवार पेठेत जुनं दुमजली घर आहे. वर ती राहते, खाली एक बिऱ्हाड. हे बिऱ्हाड 1998 सालापासून तिथंच आहे. भाडेकरू निवृत्त आहेत, सत्तरीच्या पुढचे. ते आत्याला वहिनी म्हणतात आणि आत्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, अरे-तुरे करतात, कारण ते राहायला आले तेव्हा हा शाळेत जात होता. हा त्यांना काका म्हणतो. आत्याच्या यजमानांच्या मागे दोन वर्षं तिनंच भाड्याची वही सांभाळली. या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वही मुलाकडे आली. ऑगस्टमध्ये त्यानं मला एक मजकूर पाठवला. ‘ताई, हे काकांना द्यायचंय. आई म्हणते फार कडक झालंय. जरा मवाळ करून दे, पण पैसे मागितलेत हे कळलं पाहिजे.’

मजकूर असा होता:

‘महोदय, आपण वारंवार सूचना देऊनही मे, जून व जुलै या तीन महिन्यांचे भाडे हेतुपुरस्सर थकवले आहे. एकूण थकबाकी रु. 20,400/- इतकी आहे. सदर रक्कम आठ दिवसांच्या आत न भरल्यास पाणी व वीजजोडणी बंद करून जागा खाली करून घेण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण सर्वस्वी जबाबदार राहाल, याची नोंद घ्यावी.’

मी पंचवीसेक वर्षं कार्यालयीन पत्रव्यवहारात काढली आहेत, त्यामुळे असा मजकूर हातात आला की पेन आपोआप ‘महोदय’वर जातं. या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि आतेभावाला वही घेऊन घरी बोलावलं. तगाद्याचं पत्र मवाळ करायला घेताना शब्दांना सगळ्यात शेवटी हात लावायचा असतो. आधी आकडा तपासायचा. आकडा चुकला असेल तर कितीही गोड लिहिलं तरी वाचणाऱ्याला ते आरोपासारखंच लागतं, कारण चुकीच्या आकड्याचा अर्थ ‘तुम्ही दिलेले पैसे आम्ही मोजलेच नाहीत’ असा होतो.

आणि आकडा चुकला होताच. भाडं महिन्याला 6,800 रुपये. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत द्यायचं, हा तिथला जुना रिवाज. आतेभावानं बँकेचं पासबुक पाहिलं, तीन महिने काही जमा दिसलं नाही, म्हणून तीन गुणिले 6,800 केलं. पण वहीच्या शेवटच्या पानावर आत्याच्या हातचं, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘मे पैकी 4,000 रोख, बाकी नंतर देतो म्हणाले.’ हे पैसे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिळाले होते. गडबडीत पावती फाडायची राहून गेली. म्हणजे मेचे 2,800 आणि जून-जुलैचे 6,800 प्रत्येकी, असे येणे फक्त 16,400 रुपये. मूळ मजकूर तसाच गेला असता तर ज्या माणसानं आजारी घरमालकिणीच्या हातात पैसे ठेवले, त्यालाच ते दिले नाहीत असं लेखी कळवलं असतं.

भाड्याच्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे घरमालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे या 4,000 रुपयांत चूक आमच्या बाजूची होती. हे समजल्यावर पत्राचा सूर निम्मा तिथंच बदलला, कारण आता पत्रात आमच्याकडूनही काही सांगायचं होतं.

मग शब्द पाहायला बसलो.

‘आपण वारंवार सूचना देऊनही’ हे वाक्य मोठ्यानं वाचलं की त्यातली गफलत ऐकू येते. सूचना कोणी दिल्या? वाक्याच्या घडणीप्रमाणे ‘आपण’, म्हणजे काकांनी. आतेभावाच्या मनात ‘आम्ही आपल्याला सूचना देऊनही’ असं होतं. पण मी विचारलं, ‘सूचना दिल्या कधी?’ तर तो म्हणाला, ‘एकदा जिन्यात भेटले तेव्हा बोललो होतो.’ एकदा बोलल्याला ‘वारंवार’ म्हणता येत नाही. हे शब्द तापलेल्या मनातून येतात आणि लिहिताना खरेच वाटतात. त्यांची जागा तारखेनं घ्यायची. तारीख माहीत नसेल तर तो उल्लेखच काढून टाकायचा. आम्ही काढला.

‘हेतुपुरस्सर’ हा त्याहून जड शब्द. त्यात माणसाच्या मनातलं आपल्याला ठाऊक आहे असा दावा असतो. काकांचे पैसे का आले नाहीत हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पेन्शन अडकली असेल, मुलानं बँकेतून पाठवायचे राहिले असतील, कोणी आजारी असेल. जे माहीत नाही त्याबद्दल पत्रानं गप्प राहावं, आणि हे दोन्ही बाजूंनी. ‘आपल्याला काही आर्थिक अडचण असावी’ असं सहानुभूतीनं लिहिणंसुद्धा मला योग्य वाटत नाही. स्वाभिमानी माणसाला ते ‘हेतुपुरस्सर’पेक्षा जास्त लागू शकतं.

आणि मग ‘थकवले’. मराठीत इथं केवढी सोय आहे ते या एका क्रियापदात दिसतं. भाडं थकलं, आणि भाडं थकवलं. मधल्या एका ‘व’नं दोष माणसावर येतो. ‘थकलं’मध्ये भाडं हा कर्ता आहे, जसं पीक वाळलं, दूध नासलं. ‘थकवलं’मध्ये कोणीतरी ते मुद्दाम करणारा उभा राहतो. अशीच दुसरी जोडी म्हणजे ‘तुम्ही दिलं नाही’ आणि ‘आम्हाला मिळालं नाही’. दुसऱ्या वाक्यात रक्कम तितकीच स्पष्ट राहते, पण दिलं असेल आणि वाटेत कुठं अडकलं असेल याला जागा उरते. ‘जमा झालेलं दिसत नाही’ हे आणखी एक पाऊल मागं. आपण वहीत पाहिलं, त्यात दिसलं नाही, एवढंच आपण सांगतो. आमच्या वहीत जे घडलं होतं ते पाहता हेच सगळ्यात खरं विधान होतं.

‘सदर’, ‘नोंद घ्यावी’, ‘घेण्यात येईल’, ‘सर्वस्वी जबाबदार’ हे शब्द सरकारी नोटिशीतून आले आहेत. ते लिहिले की पत्राला वजन येतं असं अनेकांना वाटतं. पण ज्याला आपण काका म्हणतो त्याला ‘महोदय’ म्हटलं की पहिल्याच शब्दात इतक्या वर्षांचं नातं बाहेर काढून ठेवल्यासारखं होतं. त्याला पुढची रक्कम वाचण्याआधीच कळतं की आपण आता परके झालो. म्हणून मायना आधी ठरवला: ‘आदरणीय काका, सा. न. वि. वि.’ साष्टांग नमस्कार विनंती विशेष. ही अक्षरं हल्ली फारशी कोणी लिहीत नाही, पण त्या पिढीच्या माणसाला ती डोळ्यांना ओळखीची असतात. बोलताना आतेभाऊ त्यांना ‘तुम्ही’ म्हणतो. पत्रात ‘आपण’ ठेवलं. लेखी मजकुरात ते त्या वयाला शोभतं आणि कृत्रिम वाटत नाही.

आता धमकीचा भाग. आतेभावाचं म्हणणं होतं की ते काढलं तर पत्रात दम राहणार नाही. मी त्याला म्हटलं, मुळात त्यात दम आहे का ते पाहू. कायद्यानं जो भाडेकरू आहे, त्याच्यावर भाडं थकल्याच्या कारणावरून जागा परत मिळवण्याचा दावा आठ दिवसांत लावताच येत नाही. याच कायद्याच्या कलम 15 प्रमाणे आधी भाड्याची लेखी मागणी करणारी नोटीस रीतसर बजावावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. पुढे दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूनं थकलेली रक्कम दरसाल 15 टक्के साध्या व्याजासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर या कारणावरून जागा खाली करण्याचा हुकूम होत नाही. पाणी-वीज तोडण्याची गोष्ट तर बोलूच नये. सबळ कारणाशिवाय आवश्यक सेवा तोडायला कलम 29 ची सरळ मनाई आहे, आणि कोर्ट त्या पुन्हा सुरू करायला लावू शकतं. म्हणजे ज्या ओळीला तो दम समजत होता, ती ओळ उद्या वकिलासमोर ठेवली तर अडचणीत तोच आला असता. पत्र कागदावर असतं, ते राहतं, आणि वाद झालाच तर कोणीतरी ते मोठ्यानं वाचतं.

इथं एक फरक सांगायला हवा. हल्ली बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्स करारानं, अकरा महिन्यांच्या किंवा तशाच ठरावीक मुदतीनं दिली जातात. त्यात राहणारा कायद्यानं भाडेकरू ठरत नाही आणि त्याला कराराच्या अटी लागू होतात. तिथं मुदत, डिपॉझिट, उशिराचा आकार हे सगळं कराराचा कागद उघडून पाहावं. आमच्या काकांचं तसं नव्हतं. ते जुने भाडेकरू.

शिवाय आठवण आणि नोटीस ही दोन वेगळी कामं आहेत. पत्रात दोन्ही मिसळली की आठवण कडवट होते आणि नोटीस कच्ची राहते. कधी खरंच नोटीस द्यायची वेळ आली तर ती वकिलाकडून, वेगळी, रीतसर द्यावी. आत्ताचं काम एवढंच होतं की काकांना नेमकं कळावं आणि त्यांनी दारावर येऊन बोलावं.

आतेभाऊ हे ऐकून घरी गेला आणि रात्री दुसरा मजकूर पाठवला. तो आता दुसऱ्या टोकाला गेला होता: ‘आदरणीय काका, आपण आम्हाला वडिलांच्या जागी आहात. मागायला संकोच वाटतो. गेल्या काही महिन्यांचं थोडं राहिलं आहे, आपल्या सवडीनं जमेल तसं पाहावं. कृपया गैरसमज नसावा.’

हा मजकूर मी माझ्या आईला वाचून दाखवला आणि विचारलं, किती पैसे मागितलेत? तिला सांगता येईना. कधीपर्यंत द्यायचेत? ‘सवडीनं म्हणतोय ना,’ ती म्हणाली. अशा पत्रात माणूस अवघडतो. आकडा त्याला स्वतः काढावा लागतो. ‘थोडं’ म्हणजे आपल्या हिशेबातलं की त्यांच्या, ही शंका येते. ‘वडिलांच्या जागी’ म्हटल्यावर मान तर दिला जातो, पण उशीर झाला तर तो वडिलांच्या जागी असलेल्या माणसाचा उशीर ठरतो. हे ओझं कडक पत्रापेक्षा काही कमी नाही. आणि अशाच पत्रांमुळे थकलेली रक्कम वर्षानुवर्षं वाढत जाते. थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा लावायची मुदत ते देय झाल्यापासून तीन वर्षांची आहे. संकोचापोटी घरमालक त्यापलीकडे गेला तर जुने महिने दाव्याबाहेर पडतात, मग मागाहून राग येतो, आणि तो पहिल्या मजकुरासारखा बाहेर पडतो.

म्हणून पत्रात चार गोष्टी जशाच्या तशा, कुठलीही झालर न लावता हव्या होत्या: कुठल्या महिन्याचे, किती, कधीपर्यंत, आणि काही अडलं तर कोणाशी बोलायचं. आदर बाकीच्या ओळींत दाखवायचा, या चार गोष्टींना धक्का न लावता. आकडे परिच्छेदात गुंतवले नाहीत. वेगळ्या ओळींत लिहिले, कारण काका ते आपल्या पावत्यांशी ताडून पाहणार हे नक्की होतं. ‘तातडीनं’ आणि ‘लवकरात लवकर’ काढून तारीख घातली. तारखेत घाई दाखवणारा सूरच नसतो, ती फक्त तारीख असते. ‘भरा’च्या जागी ‘द्यावी’ आलं. विध्यर्थात विनंतीही असते आणि करायचं काय तेही स्वच्छ असतं, त्यामुळे जोडीला तीन वेळा ‘कृपया’ लागत नाही.

शेवटी पत्र असं झालं:

‘शनिवार पेठ, पुणे
12 ऑगस्ट

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

भाड्याच्या हिशेबासाठी हे पत्र लिहितो आहे. आईची वही आता मी पाहतो. तिच्यातल्या नोंदींप्रमाणे पुढील रकमा मिळालेल्या दिसत नाहीत:

मे: 6,800 पैकी 4,000 मिळाले, बाकी 2,800 रुपये
जून: 6,800 रुपये
जुलै: 6,800 रुपये
एकूण: 16,400 रुपये

मे महिन्याचे 4,000 रुपये आपण आईकडे रोख दिले होते. त्यांची पावती आमच्याकडून द्यायची राहिली, त्याबद्दल दिलगीर आहे. ती सोबत ठेवली आहे.

वरची रक्कम 31 ऑगस्टपर्यंत द्यावी, ही विनंती. एकदम देणं सोयीचं नसेल तर कोणत्या तारखेला किती द्याल ते 20 तारखेपर्यंत सांगावं, म्हणजे तसं वहीत लिहून ठेवतो. ऑगस्टचं भाडं यात धरलेलं नाही. ते नेहमीप्रमाणे 10 सप्टेंबरपर्यंत.

आमच्या नोंदीत काही चुकलं असेल तर तेही सांगावं. आपल्याकडच्या पावत्यांशी ताडून पाहू. शनिवारी सकाळी 10 ते 12 मी आईकडे असतो. फोन केलात तरी चालेल.

कळावे,
आपला’

‘एकदम देणं सोयीचं नसेल तर’ या ओळीवर आमचं थोडं वाजलं. आतेभावाला वाटत होतं की हप्त्याची वाट आपणच दाखवली तर काका पूर्ण रक्कम देणारच नाहीत. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणून त्या सवलतीला 20 तारखेची मर्यादा घातली. 20 तारखेपर्यंत काही कळलं नाही तर 31 ऑगस्टची पूर्ण रक्कम कायम राहते. सवलत मागण्याचा संकोच काकांना पडू नये म्हणून ती आपण आधी बोलून दाखवली, पण तारखा त्यांनी सांगायच्या, हेही ठेवलं. माणूस स्वतः सांगितलेली तारीख पाळतो, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

‘ऑगस्टचं भाडं यात धरलेलं नाही’ ही ओळ अनेक पत्रांत राहून जाते आणि तिच्यामुळे पुढच्या महिन्यात नवा गोंधळ होतो. भाडेकरू 16,400 देतो आणि समजतो की आता सगळं फिटलं. घरमालक 10 सप्टेंबरला पुन्हा मागतो आणि दोघांनाही दुसरा लबाडी करतो आहे असं वाटू लागतं.

पत्र कसं पोहोचवायचं हाही प्रश्न होता. आतेभाऊ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार होता. काकांचा फोन त्यांची नातसुद्धा पाहते, हे आत्याला माहीत होतं. पैशाची मागणी तिसऱ्याच्या डोळ्यांखालून जाऊ नये. म्हणून कागदावर, हातानं लिहून, बंद पाकिटात, पावतीसह, सकाळी आतेभावानं स्वतः नेऊन दिलं. दारातच ‘वाचून घ्या, सवडीनं बोलू’ एवढं म्हणून तो वर गेला. समोर उभं राहून वाचायला लावणं त्यानं टाळलं, ते बरं केलं. पत्राची एक प्रत वहीत ठेवली.

शनिवारी साडेदहाला काका वर आले. हातात प्लॅस्टिकची फाइल होती. तिच्यात 1998 पासूनच्या सगळ्या पावत्या सालवार दोऱ्यानं बांधलेल्या होत्या, आणि पाकिटातून आलेली 4,000 ची पावती आधीच मेच्या जागी लावलेली होती. त्यांनी मेचे राहिलेले 2,800 आणि जूनचे 6,800, असे 9,600 रुपये मोजून टीपॉयवर ठेवले. जुलैचे 29 तारखेला देतो म्हणाले. आतेभावानं वहीत तसं लिहिलं. मग आत्यानं चष्मा लावून पावतीपुस्तक घेतलं, 9,600 ची पावती लिहिली, पाच हजारांच्या वरची रोख रक्कम म्हणून एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट शोधलं, चिकटवलं आणि तिकिटावरून आडवी सही करून पावती काकांच्या हातात दिली. काकांनी ती वाचली, फाइलमध्ये जूनच्या जागी लावली आणि विचारलं, ‘वहिनी, डोळा आता कसा आहे?’